दहा टक्के वाढ, दहा टक्के कपात : हातात नक्की किती?

इंदूरहून बोलतोय. मागच्या काही भागांत आपण कर्जाचा हप्ता आणि व्याज यांचा हिशेब पाहिला. आजचा हिशेब त्याच्याही आधीचा आहे, कारण हप्ता भरायचा तो हातात येणाऱ्या पगारातून. कागद-पेन्सिल जवळ असेल तर घ्या. नसेल तरी चालेल, आकडे मी सोपेच घेतले आहेत.

गोष्ट माझ्या भाच्याची. तो हैदराबादला एका खासगी कंपनीत नोकरी करतो. पगार महिना १,००,००० रुपये, म्हणजे वर्षाचे १२ लाख. २०२५च्या मार्चअखेरीस त्याला वाढीचं पत्र मिळालं : १ एप्रिलपासून दहा टक्के. पत्र हातात पडल्यावर गडी थेट मोटारीच्या शोरूममध्ये. दहा हजार वाढणार, तर साडेनऊ हजारांचा हप्ता सहज बसेल, असं त्याचं गणित. बुकिंगचे पैसे भरायच्या आदल्या दिवशी ऑफिसातला एक सहकारी त्याला म्हणाला, "आता तू टॅक्समध्ये येणार. दहा टक्के वाढले, दहा टक्के कापले. होतास तिथंच राहणार."

रात्री मला फोन आला. "मामा, तुम्ही सांगा. दहा हजार वाढणार की काहीच नाही?"

मी म्हटलं, "अरे, दोन्ही चूक. पगाराची स्लिप आणि ते पत्र दोन्ही पाठव, मग बोलू."

आधी त्या सहकाऱ्याचं म्हणणं तपासू. दहा वाढले आणि दहा कापले म्हणजे शून्य, हे ऐकायला बरोबर वाटतं, पण टक्का कधी एकटा नसतो. टक्का म्हटलं की विचारायचं, कशाचा? वाढीचे दहा टक्के जुन्या पगाराचे आहेत, म्हणजे १,००,००० चे. ते झाले १०,०००. नवा पगार १,१०,०००. कपातीचे दहा टक्के मात्र या नव्या पगाराचे, म्हणजे १,१०,००० चे. ते होतात ११,०००. हातात उरले ९९,०००. दहा वाढले, दहा कापले आणि वर हजार रुपये गेले.

हे एका ओळीत करायचं तर गुणाकार करा. दहा टक्के वाढ म्हणजे १.१० ने गुणणं. दहा टक्के कपात म्हणजे ०.९० ने गुणणं.

१,००,००० × १.१० × ०.९० = ९९,०००

टक्क्यांची बेरीज-वजाबाकी कधी करू नका, त्यांचा गुणाकार करा. वाढ १२ टक्के आणि कपात १० टक्के असेल, तर "दोन टक्के फायदा" असं मन सांगतं. गुणाकार सांगतो १.१२ × ०.९० = १.००८, म्हणजे एक टक्कासुद्धा नाही. गुणाकारात क्रम बदलला तरी उत्तर तेच येतं, त्यामुळे आधी वाढ की आधी कपात, या वादात पडायचं कारण नाही.

पण मंडळी, इथे आणखी एक गफलत लपलेली आहे, आणि ती जास्त मोठी आहे. ९९,००० ची तुलना आपण १,००,००० शी केली. ती केव्हा योग्य? आधी काहीच कापलं जात नसेल तर. समजा आधीही दहा टक्के कापले जात होते. मग आधी हातात किती येत होते? १,००,००० × ०.९० = ९०,०००. आता येणार ९९,०००. म्हणजे ९,००० जास्त, आणि ९०,००० वर ९,००० म्हणजे बरोबर दहा टक्के. कपातीचा दर आधी आणि नंतर तोच असेल, तर हातातला पगारही वाढीच्याच टक्क्यानं वाढतो. आपण सेवानिवृत्तीनंतर सल्लागाराचं काम करतो, तेव्हा मानधनातून सरसकट दहा टक्के टीडीएस कापतात. तिथे हे गणित तंतोतंत लागू पडतं. मानधन दहा टक्के वाढलं, की खात्यात येणारी रक्कमही दहा टक्के वाढते. नुकसान काही नाही.

म्हणून तुलना करायची ती हातातल्याची हातातल्याशी. आधी कपात होऊन किती येत होतं आणि आता कपात होऊन किती येईल, एवढंच पाहायचं. एका बाजूला कागदावरचा पगार आणि दुसऱ्या बाजूला खात्यातला, अशी तुलना केली की माणूस उगाच घाबरतो, नाहीतर उगाच खूश होतो.

पेन्शनर मंडळींनाही हाच चकवा लागतो. १ जानेवारी २०२५ पासून आपला महागाई भत्ता ५३ टक्क्यांवरून ५५ टक्क्यांवर गेला. पुष्कळांनी मला फोन केले, "पेन्शन दोन टक्के वाढली." नाही वाढली. मूळ पेन्शन ५०,००० धरा. आधी भत्ता २६,५००, एकूण ७६,५००. वाढीनंतर भत्ता २७,५००, एकूण ७७,५००. वाढ एक हजाराची, म्हणजे जेमतेम १.३ टक्के. ते दोन टक्के मूळ पेन्शनचे होते, खात्यात येणाऱ्या रकमेचे नव्हते. प्रश्न पुन्हा तोच, कशाचे टक्के?

आता भाच्याच्या पगाराकडे येऊ. सहकाऱ्याचं "दहा टक्के टॅक्स" हे गृहीतकच चुकीचं होतं, कारण पगारावरचा आयकर सरसकट एका टक्क्यानं लागत नाही. तो पायऱ्यापायऱ्यांनी लागतो. आर्थिक वर्ष २०२५-२६ साठी नव्या करपद्धतीत पहिल्या ४ लाखांवर कर नाही. ४ ते ८ लाख या टप्प्यावर ५ टक्के, ८ ते १२ लाखांवर १० टक्के, १२ ते १६ लाखांवर १५ टक्के, आणि तसंच पुढे. प्रत्येक दर फक्त आपल्या पायरीवरच्या रकमेला लागतो. पंधरा टक्क्यांच्या पायरीवर पाऊल पडलं म्हणून खालच्या सगळ्या रकमेला पंधरा टक्के लागत नाहीत.

यात दोन गोष्टी पगारदारांच्या बाजूच्या आहेत. पहिली म्हणजे प्रमाणित वजावट, ७५,००० रुपये. एवढी रक्कम पगारातून आधीच वजा होते. दुसरी म्हणजे करसवलत. वजावटीनंतरचं उत्पन्न १२ लाखांपर्यंत असेल, तर लागलेला सगळा कर माफ. म्हणजे १२,७५,००० पर्यंतच्या पगारावर शून्य कर. भाच्याचा जुना पगार १२ लाख. म्हणून इतकी वर्षं जे काही कापलं जात असेल ते असो, जुन्या पगारावर २०२५-२६ च्या दरानं त्याचा कर शून्यच झाला असता.

आता नवा पगार. १२ लाखांवर दहा टक्के म्हणजे १,२०,००० वाढले. वर्षाचे झाले १३,२०,०००. त्यातून ७५,००० वजा केले, राहिले १२,४५,०००. आता पायऱ्या चढू. पहिल्या ४ लाखांवर शून्य. पुढच्या ४ लाखांवर ५ टक्क्यांनी २०,०००. त्यापुढच्या ४ लाखांवर १० टक्क्यांनी ४०,०००. उरलेल्या ४५,००० वर १५ टक्क्यांनी ६,७५०. एकूण ६६,७५०.

भाचा म्हणाला, "बाप रे! १२ लाखांच्या वर फक्त ४५ हजार गेले आणि टॅक्स ६६ हजार?"

त्याचं बरोबर होतं. हा अन्याय होऊ नये म्हणून कायद्यात एक तरतूद आहे. तिला सीमांत सवलत म्हणतात, पगाराच्या हिशेबात तुम्हाला मार्जिनल रिलीफ हा शब्द दिसेल. तिचा अर्थ सोपा आहे. १२ लाखांच्या वर तुमचं उत्पन्न जेवढं गेलं, त्यापेक्षा जास्त कर घ्यायचा नाही. भाचा ४५,००० नं वर गेला, म्हणून कर ४५,००० वर थांबला. त्यावर ४ टक्के उपकर, म्हणजे १,८००. एकूण कर ४६,८००. बारा महिन्यांनी भागा, दरमहा ३,९००.

इथे जरा थांबा. हेच ४६,८०० रुपये तीन तऱ्हेनं टक्क्यांत सांगता येतात. एकूण पगाराच्या तुलनेत ते साडेतीन टक्के आहेत. पायरीचा दर विचाराल तर १५ टक्के. आणि वाढलेल्या १,२०,००० च्या तुलनेत पाहिलं तर ३९ टक्के. तिन्ही आकडे खरे आहेत. पण वाढीतून हातात काय पडणार हे ठरवणारा आकडा तिसरा. जुन्या पगारावर कर शून्य होता, त्यामुळे हा सगळा कर वाढीनंच ओढवून आणला. महिन्याच्या दहा हजारांपैकी ३,९०० गेले, राहिले ६,१००.

अजून स्लिप संपलेली नाही. भाच्याचा मूळ पगार, ज्याला सगळे बेसिक म्हणतात, तो ५०,००० होता आणि त्याची कंपनी पूर्ण बेसिकवर १२ टक्के भविष्य निर्वाह निधी कापते. आधी ६,००० जात होते. बेसिकही दहा टक्के वाढून ५५,००० झाला, म्हणून आता ६,६०० जातील. हे पैसे बुडत नाहीत, त्याच्याच नावावर साठतात, पण हप्ता भरायला ते हातात नाहीत. काही कंपन्या १५,००० च्याच मर्यादेवर १,८०० कापतात. तिथे वाढीनंतरही ही कपात तेवढीच राहते. तेव्हा आपल्या स्लिपवर पाहून घ्या.

शेवटी व्यवसाय कर. तेलंगणात त्याचे महिना २०० रुपये, आधीही तेवढेच आणि आताही. महाराष्ट्रात असाल तर महिना २०० आणि फेब्रुवारीत ३००. दिल्ली, हरियाणा, राजस्थानात हा करच नाही, म्हणून बदली होऊन तिकडे गेलेल्यांना स्लिपवर ही ओळ दिसत नाही. ही ठरावीक रक्कम आहे, टक्का नाही, त्यामुळे वाढीचा तिच्यावर परिणाम होत नाही.

आता दोन्ही बेरजा शेजारी ठेवू.

आधी : १,००,००० − ६,००० − २०० = ९३,८००
आता : १,१०,००० − ६,६०० − २०० − ३,९०० = ९९,३००

फरक ५,५०० रुपये. ९३,८०० वर ५,५०० म्हणजे ५.९ टक्के. पत्रावर दहा टक्के, खात्यात सहाच्याही आत. भाच्याला वाटत होते तेवढे दहा हजार नाहीत, आणि सहकारी म्हणत होता तसं शून्यही नाही. साडेनऊ हजारांचा हप्ता घेतला असता, तर दर महिन्याला चार हजारांचा खड्डा पडला असता.

फौजेत नकाशावर चालताना एक सवय लावतात. पुढची दिशा घेतली की मागे वळून उलट दिशाही मोजायची. दोन्ही जुळल्या तरच पाऊल टाकायचं. इथेही उलटं मोजून पाहा. वाढ १२ महिन्यांत १,२०,०००. त्यातून कर ४६,८०० आणि निर्वाह निधीतली वाढ ७,२००. राहिले ६६,०००. बारानं भागा, ५,५००. जुळलं.

आता या आकड्यांत एक विचित्र गोष्ट आहे, ती सांगितल्याशिवाय हा भाग पुरा होणार नाही. भाच्याला दहाऐवजी सव्वासहा टक्के वाढ मिळाली असती तर? ७५,००० वाढले असते, पगार १२,७५,००० झाला असता, कर शून्य. म्हणजे कर जाऊन ७५,००० उरले असते. दहा टक्के वाढीत १,२०,००० मधून ४६,८०० जाऊन उरतात ७३,२००. जास्त वाढीत १,८०० रुपये कमी! कारण १२,७५,००० च्या वरचा प्रत्येक रुपया सगळाच्या सगळा करात जातो, आणि त्यावर ४ पैसे उपकर. ही अवस्था साधारण १३,४५,००० पगारापर्यंत टिकते. त्यापुढे नेहमीच्या पायऱ्यांचा हिशेब सुरू होतो. वीस टक्के वाढ मिळून पगार १४,४०,००० झाला असता, तर कर ८८,१४० बसला असता आणि कर जाऊन महिन्याला १२,६५५ जास्त उरले असते. म्हणजे वाढ दुप्पट, आणि कर वजा जाऊन उरलेली रक्कमही दुपटीच्या वर.

"मग वाढ नको म्हणू का?" भाच्यानं विचारलं.

"वेडा आहेस का? पुढच्या वर्षीची वाढ या नव्या पगारावर मिळणार. निर्वाह निधीही त्यावरच साठणार. वाढ घे, फक्त ती कशा रूपात घ्यायची ते कंपनीला विचार."

मार्ग असा. कंपनी आपल्या वतीनं कर्मचाऱ्याच्या राष्ट्रीय पेन्शन योजनेच्या खात्यात पैसे भरते, ती रक्कम नव्या करपद्धतीतही उत्पन्नातून वजा होते. मर्यादा बेसिकच्या १४ टक्के. भाच्याच्या बेसिकवर ती महिना ७,७०० होते. त्याला लागत होते वर्षाचे फक्त ४५,०००, म्हणजे महिना ३,७५०. एवढी रक्कम पगारात रोख न घेता कंपनीकडून पेन्शन खात्यात गेली, की करपात्र उत्पन्न बरोबर १२ लाखांवर येतं आणि कर शून्य. हातात मग किती येतील? रोख पगार १,०६,२५०, त्यातून निर्वाह निधी ६,६०० आणि व्यवसाय कर २००. राहिले ९९,४५०. आधीच्या ९९,३०० पेक्षा दीडशे जास्तच, आणि शिवाय दर महिन्याला ३,७५० त्याच्या पेन्शन खात्यात. जे पैसे करात जाणार होते ते त्याच्या म्हातारपणासाठी राहिले.

यात दोन अडचणी आहेत त्या ध्यानात ठेवा. हा पैसा बहुतांशी दीर्घकाळ अडकतो. आणि रक्कम कंपनीनंच भरायला हवी. आपण स्वतः खात्यात पैसे टाकले तर नव्या पद्धतीत त्याची वजावट मिळत नाही. भाच्याच्या कंपनीत ही सोय होती आणि पगाराची फोड एप्रिलमध्येच ठरत होती, म्हणून जमून गेलं. व्याज, भाडं किंवा इतर काही उत्पन्न असेल तर तेही करपात्र उत्पन्नात धरायचं, नाहीतर १२ लाखांची रेघ नकळत ओलांडली जाते.

स्लिप हातात आली की एक गोष्ट जरूर तपासा. समजा तुमचा पगार असाच रेघेच्या जरा वर आहे आणि पेन्शन खात्याची सोय नाही. स्लिपवर कर ३,९०० ऐवजी ५,७८५ दिसला, तर समजा की कंपनीच्या हिशेबात सीमांत सवलत धरलेलीच नाही. ६६,७५० अधिक उपकर असा पूर्ण कर बारानं भागून कापला आहे. लेखा विभागाला हा हिशेब दाखवा. त्यांनी दुरुस्त केलं नाही, तरी विवरणपत्र भरल्यावर जास्तीचे पैसे परत मिळतात, पण तोपर्यंत ते अडकतात. दुसरं, वाढ एप्रिलऐवजी ऑक्टोबरात मिळाली, तर वर्षभराचा कर उरलेल्या सहा महिन्यांतच कापला जातो. त्या सहा महिन्यांची कपात पाहून ती कायमचीच आहे असं धरू नका. कर नेहमी वर्षाचा काढा आणि मग महिन्यांनी भागा.

हे दर २०२५-२६ चे आहेत. अर्थसंकल्पात ते बदलू शकतात, तेव्हा हिशेब करताना त्या वर्षाचे दर घ्या. पद्धत मात्र हीच. आधी वर्षाचा जुना पगार आणि त्यावरचा कर. मग वर्षाचा नवा पगार आणि त्यावरचा कर. निर्वाह निधी आणि व्यवसाय कर दोन्हीकडून वजा. शेवटी हातातल्यातून हातातले वजा. ज्या वाढीवर कर्ज काढायचं ती वाढ ही, पत्रावरची नव्हे.

भाच्यानं ती मोटार घेतली नाही. दोन वर्षं जुनी, छोटी गाडी घेतली. हप्ता ५,२०० रुपये. मला म्हणाला, "मामा, वाढ ५,६५० ची आणि हप्ता ५,२०० चा. साडेचारशे उरतात." मी म्हटलं, "आणि पेट्रोल कोण भरणार?" त्याचा हिशेब पुढच्या भागात.

तोवर आपापल्या स्लिपा काढून बसा, अडलं तर विचारा. जय हिंद.